नियम ११०: आठ उत्तरांच्या तक्त्यातून संगणक कसा उभा राहतो

गणिताची चौकटीची वही घ्या. एका ओळीतल्या काही घरांत १ लिहा, उरलेल्यांत ०. आता खालची ओळ भरायची. प्रत्येक घरासाठी वरच्या ओळीतली तीन घरं बघायची: बरोबर वरचं, त्याच्या डावीकडचं आणि उजवीकडचं. या तिघांवरून खाली काय लिहायचं ते एक ठरलेला तक्ता सांगतो. ओळ भरून झाली की तोच तक्ता वापरून तिच्याखालची. एक-मितीय मूलभूत सेल्युलर ऑटोमॅटन म्हणजे एवढंच.

तीन घरांत ० आणि १ आठ प्रकारे बसतात आणि प्रत्येक प्रकाराचं उत्तर ० किंवा १, म्हणून असे तक्ते २५६ होतात. १९८३ मध्ये स्टीफन वुल्फ्रॅम यांनी त्यांना ० ते २५५ असे क्रमांक दिले. त्यातला ११० हा क्रमांक खास आहे. कुठलाही संगणक जे गणित करू शकतो, ते या आठ उत्तरांच्या तक्त्यालाही करता येतं, म्हणजे तो सर्वसमावेशक आहे. हे ऐकायला जाहिरातीसारखं वाटतं, म्हणून या लेखात ते हाताने आणि थोड्या पायथॉनने तपासत जाऊ. संपूर्ण सिद्धता इथे मावणार नाही, पण तिचे सांधे कुठे आहेत ते नक्की दिसेल.

तक्ता आणि पहिल्या आठ ओळी

११० हा आकडा द्विमान पद्धतीत लिहिला की `01101110` होतो. हे आठ अंक डावीकडून अनुक्रमे `111`, `110`, `101`, `100`, `011`, `010`, `001`, `000` या त्रिकुटांची उत्तरं आहेत. पाठ करायला याहून सोपं रूप आहे: मधलं किंवा उजवं यापैकी एक जरी १ असेल तर खाली १ लिहा, मात्र तिन्ही १ असतील तर ०. डावा शेजारी फक्त या अपवादापुरता लागतो. पण तो अपवाद काढून टाकला, तर १ नुसते डावीकडे पसरत राहतात आणि बघण्यासारखं काही उरत नाही.

सगळीकडे ० आणि मध्ये एकच १, अशी सुरुवात करा. ओळी अशा येतात:

```
        1
       11
      111
     1101
    11111
   110001
  1110011
 11010111
```

चौथ्या ओळीवरून पाचवी कशी आली ते एकदा सावकाश बघू. `1101` च्या दोन्ही बाजूंना ० आहेत. डावीकडून सरकत गेलं की त्रिकुटं मिळतात `001`, `011`, `110`, `101`, `010`. तक्त्यात या पाचही त्रिकुटांचं उत्तर १ आहे, म्हणून `11111`. त्यापुढचं त्रिकुट `100`, त्याचं उत्तर ०. उजव्या कडेपलीकडे नेहमी हेच `100` किंवा `000` येतं, त्यामुळे आकृती उजवीकडे एक घरही वाढत नाही.

हाच तक्ता संगणकावर:

```python
def step(s, rule=110):
    n = len(s)
    return [(rule >> (4*s[i-1] + 2*s[i] + s[(i+1) % n])) & 1
            for i in range(n)]
```

इथे ओळीची दोन टोकं जोडून कडं केलं आहे. `s[i-1]` मध्ये `i` शून्य असेल तर पायथॉन आपोआप शेवटचं घर घेतो.

इथे दोन चुका हमखास होतात, आणि दोन्ही मी केल्या आहेत. पहिली, तक्ता उलटा वाचणं. `01101110` उलटं वाचलं की `01110110` होतं, म्हणजे नियम ११८. लक्षण सोपं आहे: एका १ पासून आकृती दोन्ही बाजूंना पसरायला लागते. ती फक्त उजवीकडे पसरली, तर डावं-उजवं बदललं आहे आणि तुम्ही ११० चा आरसा, म्हणजे नियम १२४, चालवताय. (तो चालेल. गणनेच्या दृष्टीने ती जुळी भावंडंच.) दुसरी चूक जास्त फसवी आहे: नवी ओळ वेगळी न ठेवता जुन्याच यादीत उत्तरं लिहीत जाणं. मग प्रत्येक घराला डावा शेजारी कालचा न मिळता आजचा मिळतो. अशा वेळी तिसऱ्या ओळीत `111` ऐवजी `101` येतं. म्हणून पुढे जाण्याआधी वरच्या आठ ओळी जुळवून घ्या.

रिकामी जागा रिकामी नसते

एकाच १ पासून शे-दोनशे ओळी चालवल्या की लहानमोठ्या त्रिकोणांची नक्षी दिसते. नीट पाहिलं तर बऱ्याच भागात एकच ठिपका पुन्हापुन्हा छापलेला असतो, वारली चित्राच्या चौकटीसारखा. या पार्श्वभूमीला ईथर म्हणतात. ईथरचा एक तुकडा चौदा घरांचा असतो: `11111000100110`.

चौदा घरांच्या कड्यात हा तुकडा ठेवून `step` एकदा चालवा. मिळतं `10001001101111`. हा तोच तुकडा आहे, फक्त चार घरं डावीकडे सरकलेला. प्रत्येक पावलाला चार, म्हणजे सात पावलांत अठ्ठावीस. अठ्ठावीस म्हणजे चौदाचे बरोबर दोन फेरे, म्हणून सात पावलांनी सगळं जिथल्या तिथे येतं.

ईथरचं महत्त्व असं की नियम ११० मध्ये «काहीच घडत नाही» याचा अर्थ सगळी शून्यं असा न घेता ईथर असा घ्यायचा. निरोप म्हणजे ईथरमध्ये पडलेली खोट, आणि अशा काही खोटी न विस्कटता एका ठरावीक वेगाने चालत राहतात. त्यांना ग्लायडर म्हणतात. नियम ११० मध्ये ते बऱ्याच जातींचे आहेत आणि त्यांना A, B, C, D, E अशी नावं आहेत. आपल्याला सुरुवातीला दोन पुरेत.

A हा सर्वांत साधा. ईथरच्या दोन तुकड्यांमध्ये `111110` ही सहा घरं घुसवली की A तयार होतो. तीन पावलांनी हीच सहा घरं दोन घरं उजवीकडे सापडतात. B साठी `11111010` ही आठ घरं घुसवा. तो चार पावलांत दोन घरं डावीकडे जातो. दोन्ही हाताने करून पाहता येतात, पण मधल्या पावलांत ग्लायडर ओळखू येत नाही म्हणून घाबरू नका. A चं रूप तीन पावलांनी परत येतं, B चं चार पावलांनी, आणि अधेमध्ये ते ईथरमध्ये मिसळल्यासारखे दिसतात.

टक्कर घडवून आणू

आता डावीकडे A, उजवीकडे B आणि मध्ये ईथरचे तीन तुकडे ठेवू. दोघे एकमेकांकडे येतील.

```python
E, A, B = "11111000100110", "111110", "11111010"
s = [int(c) for c in E*4 + A + E*3 + B + E*4]
t = 0
while s != s[14:] + s[:14] and t < 1000:
    s = step(s)
    t += 1
print(len(s), t)
```

लूपची अट विचारते: ओळ चौदा घरं सरकवली तर ती तशीच दिसते का? तशी दिसली तर कड्यात निव्वळ ईथर उरला. छापून येतं `168 41`. म्हणजे ४१ पावलांनी A नाही आणि B ही नाही. धडकून दोघं नाहीसे झाले, मागे कचरा राहिला नाही.

४१ हा आकडा आधीच काढता येतो. A बारा पावलांत आठ घरं उजवीकडे येतो आणि B सहा घरं डावीकडे, म्हणून बारा पावलांत मधलं अंतर बरोबर चौदा घरांनी, म्हणजे ईथरच्या एका तुकड्याने, घटतं. शिवाय बारा हा तीन आणि चार दोन्हींच्या पाढ्यात आहे, त्यामुळे दोघेही आपल्या मूळ रूपात असतात. तीन तुकडे संपायला छत्तीस पावलं आणि चिकटलेले A-B विरघळायला पाच. `E*3` च्या जागी `E*10` लिहा, १२५ यायला हवं. घरांचा हिशेबही जुळतो: सहा आणि आठ मिळून चौदा, म्हणजे दोघं विरघळून ईथरचा एक अख्खा तुकडा बनतात.

या प्रयोगात हमखास बिघडतं ते जोडकाम. A नंतर एक जास्तीचं `0` टाकून बघा. कड्याची घरं १६९ होतात, १६९ ला चौदाने भाग जात नाही, त्यामुळे त्या कड्यात शुद्ध ईथर बसूच शकत नाही आणि कुठे ना कुठे खोट फिरत राहते. म्हणूनच लूपला १००० ची मर्यादा घातली आहे. तुमच्या चित्रात जोडाच्या जागेपासून दोन्ही दिशांना भेगा निघताना दिसल्या तर नियमावर शंका घेऊ नका, घरं मोजा.

एवढ्यावर संगणक का होत नाही

B ची वाट A ने अडवता येते हे कळलं की पुढचा विचार आपसूक येतो. ग्लायडर आला म्हणजे १, नाही आला म्हणजे ०. मग टक्कर म्हणजे «A आहे पण B नाही» हे तर्काचं द्वार झालं, आणि असल्या द्वारांतून कुठलंही सर्किट रचता येतं.

अडचण तारांची आहे. कागदावर सर्किट काढताना एक तार दुसरीला वळसा घालून नेता येते. इथे एकच ओळ आहे. दोन निरोपांना जागा बदलायची असेल तर ते एकमेकांतूनच गेले पाहिजेत, बोळातल्या दोन बैलगाड्यांसारखे. म्हणून सर्किटची कल्पना इथे दमते. ज्याला वळशाची गरजच नाही, ज्याचं सगळं काम एका रांगेत होतं, असं यंत्र शोधायला हवं. वुल्फ्रॅम यांच्यासाठी संशोधन साहाय्यक म्हणून काम करणाऱ्या मॅथ्यू कुक यांनी १९९० च्या दशकात नेमकं तेच केलं. माझ्या मते ग्लायडरांच्या किचकट आकडेमोडीपेक्षा ही निवड हेच त्या सिद्धतेतलं खरं डोकं आहे.

रांगेचं यंत्र

या यंत्राला चक्रीय टॅग सिस्टिम म्हणतात. त्यात दोनच गोष्टी असतात: ० आणि १ ची एक रांग, आणि तुकड्यांची एक ठरलेली यादी. प्रत्येक पावलाला रांगेतला पहिला अंक काढून टाकायचा. तो १ असेल तर यादीतला चालू तुकडा रांगेच्या शेवटी जोडायचा, ० असेल तर काही जोडायचं नाही. दोन्ही वेळा यादीत एक घर पुढे जायचं, आणि यादी संपली की परत पहिल्यापासून.

इतक्या बावळट यंत्राला काय जमणार? त्यासाठी त्याचा थोडा मोठा भाऊ बघावा लागतो: एमिल पोस्ट यांची टॅग सिस्टिम. त्यात रांगेत अक्षरं असतात. पहिलं अक्षर वाचायचं, त्याला ठरवून दिलेला शब्द शेवटी जोडायचा आणि रांगेतली पहिली दोन अक्षरं काढून टाकायची. १९६४ मध्ये जॉन कॉक आणि मार्विन मिन्स्की यांनी दाखवलं की या दोन अक्षरं काढणाऱ्या सिस्टिममध्ये कुठलंही ट्युरिंग यंत्र, म्हणजे पट्टीवर एकेक चिन्ह वाचत-लिहीत चालणारा संगणकाचा कागदी नमुना, बसवता येतं. आता ही अक्षरांची सिस्टिम ० आणि १ च्या रांगेत बसवली की झालं.

उदाहरण घेऊ. अक्षरं दोनच, क आणि ख. नियम: क दिसला तर «कख» जोडा, ख दिसला तर «क» जोडा. क साठी `10` लिहू, ख साठी `01`. तुकड्यांची यादी चारची: पहिला `1001` म्हणजे कख, दुसरा `10` म्हणजे क, तिसरा आणि चौथा रिकामा. सुरुवातीची रांग «खकक», म्हणजे `011010`.

```
011010   पहिला अंक 0, तुकडा 1001 जोडायचा नाही
11010    पहिला अंक 1, तुकडा 10 जोडला
101010   पहिला अंक 1, तुकडा रिकामा
01010    पहिला अंक 0, तुकडा रिकामा
1010     म्हणजे «कक»
```

ताडून बघा: «खकक» मधला ख वाचला, पहिली दोन अक्षरं गेली, शेवटी क आला, «कक» उरलं. बरोबर. युक्ती सांकेतिक लिपीत आहे. अक्षरातला एकुलता १ कितव्या जागी आहे त्यावरून योग्य तो तुकडा आपोआप निवडला जातो. आणि दुसरं अक्षर नुसतं टाकून द्यायचं असतं, म्हणून ते यादीतल्या रिकाम्या तुकड्यांसमोरून जातं: त्यात १ असला तरी जोडायला काही नसतं. पुढची चार पावलं स्वतः करा, `1001` म्हणजे «कख» येईल, आणि त्यानंतर चार-चार पावलांनी «कख» च येत राहील. अक्षरं जास्त असतील तर प्रत्येकाची लिपी तितकीच लांब करायची आणि तितकेच रिकामे तुकडे शेवटी लावायचे.

रांग ग्लायडरांत कशी उतरते

कुक यांच्या रचनेत ओळीचे तीन भाग आहेत. मध्ये रांग, उजवीकडे तुकड्यांची यादी आणि डावीकडे एक ठोका देणारं घड्याळ.

रांगेतला प्रत्येक अंक म्हणजे C२ जातीच्या चार ग्लायडरांचा गट. C२ चालत नाही, जागच्या जागी उभा राहतो, म्हणून आठवण ठेवायला तो योग्य. गटातल्या चौघांमधली अंतरं एका प्रकारे ठेवली तर तो १, दुसऱ्या प्रकारे ठेवली तर ०. रांगेचं तोंड उजव्या टोकाला आहे आणि शेपूट डावीकडे.

उजवीकडून E जातीच्या एका प्रकारच्या ग्लायडरांचे ताफे सतत डावीकडे येत असतात. ते म्हणजे यादी. प्रत्येक तुकड्याच्या आधी एक म्होरक्या गट येतो. तो रांगेच्या तोंडाशी असलेल्या अंकावर आदळतो आणि तो अंक पुसला जातो, «पहिला अंक काढून टाका» हे काम झालं. अंक १ होता की ० त्यावर टकरीतून काय बाहेर पडेल ते ठरतं. ० असेल तर नकार देणारा गट तयार होतो आणि मागून येणारा तुकडा पुढच्या म्होरक्यापर्यंत खाऊन टाकतो. १ असेल तर होकार देणारा गट तयार होतो. तो त्या तुकड्याला चालत्या अंकांचं रूप देतो, आणि हे चालते अंक रांगेतल्या उभ्या C२ मधून आरपार पलीकडे निघून जातात, दोघांनाही धक्का न लागता. बोळातल्या बैलगाड्यांचा प्रश्न असा सुटला: वळसा नाही, तर आरपार.

डाव्या टोकाला पोचलेल्या चालत्या अंकांना थांबवायला कोणीतरी हवं. त्यासाठी डावीकडून आपल्या ओळखीच्या A ग्लायडरांचे चार-चारचे गट ठरावीक अंतराने येत राहतात. चालता अंक आणि A चा गट भेटले की उभा C२ चा गट तयार होतो. तुकडा रांगेच्या शेवटी जोडला गेला. रांगेच्या यंत्राचं एक पाऊल पूर्ण झालं, आणि तोवर पुढचा म्होरक्या वाटेत असतोच.

हे वाचायला सोपं आहे, जुळवायला भयंकर. आपल्या A-B च्या प्रयोगात अंतर तुकड्या-तुकड्याने बदललं तरी निकाल तोच राहिला. C२ आणि E च्या टकरीत तसं नाही. किती अंतरावरून आणि कुठल्या रूपात भेटतात त्यावर निकाल पालटतो: कधी आरपार जातात, कधी एकमेकांना खातात, कधी तिसरंच काही जन्माला येतं. म्हणून रचनेतलं प्रत्येक अंतर मोजून ठेवावं लागतं, आणि एका टकरीतून बाहेर पडलेला गट पुढच्या टकरीलाही योग्य अंतरानेच पोचेल हे दाखवावं लागतं. सिद्धतेची बहुतेक पानं याच हिशेबात गेली आहेत. कुक यांनी ती १९९८ मध्ये सांता फे इन्स्टिट्यूटमधल्या परिषदेत मांडली, मग नोकरीतल्या गोपनीयतेच्या करारावरून प्रकरण कोर्टात गेलं, आणि सविस्तर निबंध छापून यायला २००४ उजाडलं.

«सर्वसमावेशक» म्हणजे नेमकं किती

आपलं १६८ घरांचं कडं कधीही सर्वसमावेशक संगणक होणार नाही. घरं मर्यादित, म्हणून ओळींची रूपं मर्यादित, म्हणून उशिरा का होईना तीच रूपं पुन्हा येणारच. कुक यांच्या रचनेला दोन्ही बाजूंना न संपणारी ओळ लागते, आणि तीही कोरी नाही: उजवीकडे यादीचा ताफा अनंतापर्यंत पुन्हापुन्हा मांडलेला, डावीकडे A चे गट तसेच मांडलेले. काही जण यावर नाक मुरडतात, कारण ट्युरिंग यंत्राला बहुतेक कोरी पट्टी चालते. म्हणून याला कमकुवत अर्थाने सर्वसमावेशक म्हणतात. मला ही तक्रार रास्त वाटते, पण जीवघेणी वाटत नाही. पार्श्वभूमी नुसती एकसुरी पुनरावृत्ती आहे, गणनेचं उत्तर तिच्यात लपवून ठेवलेलं नाही.

चित्र गुंतागुंतीचं दिसतं म्हणून नियम सर्वसमावेशक, असंही समजू नका. नियम ९० एका १ पासून देखणी त्रिकोणी जाळी काढतो, पण तो म्हणजे नुसती दोन शेजाऱ्यांची सम-विषम बेरीज. हजारावी ओळ मधल्या नऊशे नव्याण्णव न काढता सांगता येते. नियम ३० तर ११० पेक्षाही विस्कटलेला दिसतो, तरी त्याच्याबद्दल अशी सिद्धता नाही. चारच नियमांना ११० ची सिद्धता थेट लागू पडते: ११०, त्याचा आरसा १२४, आणि ०-१ ची अदलाबदल करून मिळणारे १३७ आणि १९३.

वेगाबद्दलही एक गोष्ट राहते. कुक यांच्या मार्गात ट्युरिंग यंत्र आधी टॅग सिस्टिममध्ये, मग चक्रीय टॅगमध्ये, मग ग्लायडरांत उतरतं, आणि जुन्या पद्धतीच्या पहिल्याच उतरणीत वेळ घातांकी पटीत वाढायचा. २००६ मध्ये टर्लो नीरी आणि डेमियन वूड्स यांनी ती उतरण दुरुस्त केली आणि वाढ बहुपदी मर्यादेत आणली. त्यामुळे «नियम ११० मध्ये अमुक पावलांनंतर अमुक घरात काय असेल» हा प्रश्न पी-कम्प्लीट, म्हणजे बहुपदी वेळात सुटणाऱ्या प्रश्नांतल्या सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एक, ठरतो. नियम ९० सारखी उडी मारून उत्तर काढण्याची सर्वसाधारण पद्धत इथे सापडलीच, तर बहुपदी वेळात सुटणारा प्रत्येक प्रश्न समांतर संगणकांवर प्रचंड वेगाने सोडवता येईल, आणि तसं होईल असं या क्षेत्रातल्या फारशा कोणाला वाटत नाही. तोवर चौकटीच्या वहीत एकेक ओळ भरत जाणं, हाच रस्ता.